मल्चिंग, ताडपत्री, शेडनेट: आधी वजनकाट्यावर, मग बिलावर

सोयाबीनची काढणी तोंडावर आली की कोल्हापूर जिल्ह्यात ताडपत्रीची खरेदी सुरू होते. त्यामागोमाग टोमॅटो-मिरचीसाठी मल्चिंग पेपर आणि उन्हाळी तरव्यासाठी शेडनेट. तिन्ही माल पातळ निघाला तर ते हाताला लगेच कळत नाही, पण काट्यावर कळतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की दुकानात रोल वजन केल्याशिवाय पैसे देऊ नका.

मल्चिंगचा हिशोब सोपा आहे. रुंदी मीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये आणि जाडी मायक्रॉनमध्ये यांचा गुणाकार करायचा, त्याला ०.९२ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. आलेला आकडा म्हणजे किलो. समजा शिरोळकडच्या २० गुंठ्यांत टोमॅटो लावायचा आहे आणि बेडमधलं अंतर पाच फूट आहे. एकूण बेड साधारण १३३० मीटर भरतात, म्हणजे ४०० मीटरचे चार रोल लागतील, शेवटच्यातला बराचसा उरेल. १.२ मीटर रुंद, २५ मायक्रॉनच्या एका रोलचं वजन ११ किलोच्या आसपास यायला हवं. ३० मायक्रॉनचा असेल तर सव्वातेरा. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन यात धरायचं नाही. कागद नऊ किलोच भरला, तर तो वीस मायक्रॉनचा आहे किंवा लांबीला कमी आहे. दोन्हीत नुकसान तुमचंच.

मात्र वजन बरोबर आलं म्हणून माल चांगलाच, असं धरू नका. चुन्याची भुकटी मिसळलेला कागद वजनाला भरतो. त्याचा तुकडा दोन अंगठ्यांत धरून ताणा. चांगला कागद आधी लांबतो आणि मग फाटतो, भेसळीचा न लांबताच चट्कन फाटतो. असा कागद भोकं पाडतानाच चिरत जातो आणि पीक निघाल्यावर त्याच्या चिंध्या रानातच राहतात.

एकाच पिकासाठी, तीन-चार महिन्यांकरता, २५ मायक्रॉन पुरतो. टोमॅटो काढून त्याच बेडवर काकडी घ्यायची असेल तर ३० घ्या. सिल्व्हर बाजू वर ठेवायची. खालच्या काळ्या थरातला कार्बन स्वतःच उन्हापासून काही प्रमाणात राखण करतो, त्यामुळे छोट्या हंगामासाठी यूव्हीच्या मोठ्या दाव्यांवर जादा पैसे घालवू नका. रानात लव्हाळा असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. त्याचे कोंब तीसचा कागदही भेदून वर येतात.

ताडपत्रीला मायक्रॉन विचारू नका, जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. २४ बाय १८ फुटांची ताडपत्री ४० चौरस मीटर होते. ती २०० जीएसएमची असेल तर आठ किलो भरली पाहिजे, सहाच भरली तर ती दीडशेची. परतीच्या पावसात मळणीची रास झाकायला आणि खाली अंथरायला दोनशेच्या खाली जाऊ नका. खरेदीआधी फीत लावून मोजा, कारण कडा दुमडण्याआधीचं माप सांगून विकण्याची रीत आहे. घरी आणल्यावर उन्हाकडे धरून घड्यांच्या रेषा बघा, बारीक छिद्रं पहिल्यांदा तिथंच दिसतात.

शेडनेटमध्ये भाजीच्या तरव्याला ५० टक्के सावली योग्य. जास्त गारवा मिळेल म्हणून ७५ टक्क्यांचं घेतलं, तर रोपं उजेडासाठी ओढली जाऊन लांबुळकी, नाजूक होतात. इथं मात्र यूव्हीचा प्रश्न खरा आहे, कारण हे कापड वर्षानुवर्षं उन्हातच असतं. यूव्ही स्थिरक घातलाय की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. नसेल तर धागा ठिसूळ होतो, बोटांनी चोळलं की भुगा पडतो. तापलेल्या लोखंडी पाइपला टेकलेल्या जागी तो सगळ्यात आधी जातो, म्हणून पाइपला पांढरा रंग द्या. गंधकाची फवारणी नेटवर उडू देऊ नका, त्यानं स्थिरकाचा परिणाम कमी होतो.

म्हणून यूव्हीची हमी तोंडी घेऊ नका. शाहूपुरीत घ्या नाहीतर जयसिंगपुरात, पक्क्या जीएसटी बिलावर उत्पादकाचं नाव, जीएसएम किंवा मायक्रॉन, सावलीची टक्केवारी आणि यूव्हीची मुदत वर्षांत लिहून घ्या. ताडपत्रीवर आयएस ७९०३ आणि शेडनेटवर आयएस १६००८ हा मानक क्रमांक छापलाय का, तेही बघा. दुकानदार बिलावर मुदत लिहायला कचरला, तर दुसऱ्या दुकानात चौकशी करा.

मल्चिंगला महाडीबीटीवरून अनुदान घ्यायचं असेल तर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.