रेसिड्युअल इन्कम: तिसऱ्या वर्षानंतर काय धरता, तिथंच सगळा खेळ आहे

नागपुरात सीएफए लेव्हल २ ची तयारी करायची म्हणजे सोबत बसून इक्विटी सोडवणारा माणूस सापडणंच कठीण, सीए आर्टिकलशिपवाले मित्र भरपूर पण व्हॅल्युएशनवर वाद घालायला कोणी नाही. हा चॅप्टर मला फार जड गेला होता म्हणून लिहून राहिलो. बेसिक तुम्हाला येतं असं धरतो: आजची बुक व्हॅल्यू, अधिक पुढच्या दरवर्षीचा रेसिड्युअल इन्कम आजच्या किमतीत आणून. रेसिड्युअल इन्कम म्हणजे नफ्यातून भागधारकांच्या पैशाचं भाडं वजा केल्यावर उरतं ते, आणि हे भाडं वर्षाच्या सुरुवातीच्या बुक व्हॅल्यूवर लागतं, शेवटच्या नाही.

समजा शेअरमागे बुक व्हॅल्यू १०० रुपये, आरओई १८ टक्के, कॉस्ट ऑफ इक्विटी १२ टक्के, आणि निम्मा नफा डिव्हिडंडमध्ये जातो. पहिल्या वर्षी नफा १८, भाडं १२, उरले ६. डिव्हिडंडचे ९ गेले, ९ कंपनीत राहिले, बुक झाली १०९. याच हिशोबानं दुसऱ्या वर्षी उरतात ६.५४ आणि तिसऱ्या वर्षी ७.१३. तिन्ही आजच्या किमतीत आणले की १५.६४ होतात, म्हणजे शेअर ११५.६४.

इथपर्यंत कोणाचंच चुकत नाही. खरी भानगड चौथ्या वर्षापासून आहे. चौथ्या वर्षापासून रेसिड्युअल इन्कम शून्य धरला तर उत्तर ११५.६४. तोच ७.१३ कायम चालू राहील म्हटलं तर १५७.९३. आणि आरओई, पेआउट तसंच ठेवून तो दरवर्षी ९ टक्क्यांनी वाढत राहील म्हटलं तर सरळ ३००! कंपनी तीच, पहिली तीन वर्षं तीच, फरक फक्त पुढचं काय धरलं त्याचा. म्हणून कोणी ‘आरओई १८ कायम’ टाकून टार्गेट प्राइस दाखवली तर अजिबात विश्वास ठेवू नका, १८ टक्के मिळतायत म्हटल्यावर नवे स्पर्धक येतातच आणि जास्तीचा नफा झिजतो.

ही झीज ओमेगा म्हणजे पर्सिस्टन्स फॅक्टरनं पकडतात. ओमेगा ०.६ म्हणजे यंदाच्या रेसिड्युअल इन्कमपैकी ६० टक्केच पुढच्या वर्षी टिकतो. डेचो, हटन आणि स्लोन यांच्या १९९९ च्या पेपरात अमेरिकन कंपन्यांसाठी तो सरासरी ०.६२ च्या आसपास निघाला होता, ते आपल्या कंपन्यांना जसंच्या तसं लावू नका, पण १ च्या जवळ जायला ठोस कारण लागतं एवढं त्यातून घ्या. ब्रँड किंवा लायसन्सचं संरक्षण असेल तर ओमेगा जास्त, कमोडिटी धंदा असेल तर कमी.

आता सापळा, हे नीट वाचा. खाली r म्हणजे कॉस्ट ऑफ इक्विटी, w म्हणजे ओमेगा, B0 म्हणजे आजची बुक आणि RI म्हणजे त्या त्या वर्षाचा रेसिड्युअल इन्कम.

```
V0 = B0 + RI1/(1+r) + RI2/(1+r)^2
     + [RI3/(1+r-w)]/(1+r)^2
```

कंसातली रक्कम दुसऱ्या वर्षाच्या शेवटची आहे, तिसऱ्या नाही, आणि तिसऱ्या वर्षाचा रेसिड्युअल इन्कम तिच्या पोटातच आहे. म्हणून तो वेगळा मिळवायचा नाही आणि डिस्काउंटही दोनच वर्षांचं. ओमेगा ०.६ धरला तर ७.१३ भागिले ०.५२ म्हणजे १३.७१, दोन वर्षं मागे आणले की १०.९३, त्यात १००, ५.३६ आणि ५.२१ मिळवा, उत्तर १२१.५०. बरेच जण तिसरं वर्ष वेगळं मिळवतात आणि वरून १३.७१ तीन वर्षं मागे आणतात, मग १२५.४० येतं, आणि गंमत म्हणजे ते बघायला अगदी बरोबर वाटतं, चूक दिसतच नाही.

पकडायची एकच युक्ती: ओमेगाच्या जागी शून्य टाका. तिसऱ्या वर्षानंतर काहीच उरत नाही, म्हणजे उत्तर ११५.६४ च यायला पाहिजे. चुकीच्या मांडणीत १२० च्या वर जातं, तिथंच समजा की एक वर्ष दोनदा मोजलं. क्लासच्या शॉर्टकट नोट्समध्ये फॉर्म्युला एका ओळीत असतो, तारीख कुठली ते लिहिलेलंच नसतं, माझं तर ठाम मत आहे की त्या नोट्स या चॅप्टरपुरत्या बाजूला ठेवा आणि वहीत टाइमलाइन काढा. ज्या सरांनी हे फळ्यावर रेघ ओढून दाखवलं त्यांना धरून राहा, बाकी पाठ करायला लावणारे खूप भेटतील. घाबरू नका, दोन-तीन गणितं रेघेवर केली की हात बसतो.

खरी कंपनी घेतली की अजून एक बघा. पुढची बुक म्हणजे मागची बुक अधिक नफा वजा डिव्हिडंड, हे मॉडेल गृहीत धरतं. पण इंड एएसमध्ये ग्रॅच्युइटीचे ॲक्चुरिअल फायदे-तोटे आणि काही गुंतवणुकीतले चढउतार नफ्यात न येता ओसीआयमधून थेट इक्विटीत जातात. ताळेबंदातली बुक आणि तुमची बुक जुळत नसेल तर आधी तिथं बघा, नवे शेअर निघाले का तेही बघा. ओसीआय दरवर्षी खाली-वर होऊन शून्याच्या आसपास राहत असेल तर सोडून द्या, पण सलग एकाच दिशेनं तोटा असेल तर तो नफ्यातून कापूनच आरओई काढा.