घसाऱ्याच्या दोन पद्धती, आणि दर काढताना हमखास होणारी चूक

6,25,000 रुपयांचा टेम्पो घेतला. चार वर्षे वापरायचा, मग 81,000 ला विकायचा, असा अंदाज आहे. घसारा सोडून धंद्याचा नफा दरवर्षी 3,00,000 धरू.

सरळ रेषा पद्धत एका ओळीची आहे. किमतीतून विक्रीची अपेक्षित रक्कम वजा करा, उरलेल्या 5,44,000 ला चारने भागा. दरवर्षी घसारा 1,36,000, नफा 1,64,000.

घटत्या शिलकीच्या पद्धतीत मात्र लोक दरापाशी अडकतात. ‘चार वर्षे म्हणजे 25 टक्के’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. इथे टक्केवारी दरवर्षी उरलेल्या रकमेवर लागते, त्यामुळे 25 टक्क्यांनी चार वर्षांनंतरही टेम्पो वहीत सुमारे 1,97,754 ला उभा राहतो. विकून येणार 81,000. म्हणजे आधीच्या वर्षांत लपून राहिलेला जवळपास 1,16,750 चा तोटा शेवटी एकदम अंगावर येतो. दर असा काढा:

```
=1-(81000/625000)^(1/4)
```

एक्सेलमध्ये उत्तर 0.4 येते, म्हणजे 40 टक्के. हा दर पूर्ण 6,25,000 वर लावायचा. 81,000 आधी वजा करायचे नाहीत, कारण ते सूत्रातच धरले आहेत. अनेक वह्यांत ते दोनदा वजा झालेले दिसतात. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: शेवटची किंमत शून्य धरली, तर हे सूत्र 100 टक्के दर देते, जो निरुपयोगी आहे.

आता घसारा येतो 2,50,000, मग 1,50,000, 90,000 आणि 54,000. वहीत शेवटी बरोबर 81,000 उरतात. हाच ताळा प्रत्येक वेळी करून बघा. नफा पहिल्या वर्षी अवघा 50,000 दिसतो, मग 1,50,000, 2,10,000 आणि 2,46,000. टेम्पो तोच, गिऱ्हाईक तेच, तरी धंदा झपाट्याने वाढतोय असे वाटते. चार वर्षांची बेरीज दोन्हीकडे 6,56,000 च आहे. म्हणून दोन धंद्यांच्या नफ्याची तुलना करण्याआधी घसाऱ्याची पद्धत विचारा.

टेम्पो दोन वर्षांनीच 3,00,000 ला विकला तर? सरळ रेषेत वहीतली किंमत 3,53,000 असते, म्हणून 53,000 तोटा. घटत्या शिलकीत ती 2,25,000, म्हणून 75,000 नफा. हा नफा म्हणजे आधी जादा कापलेला घसाराच परत आलेला असतो. त्याला कमाई समजून वाटून टाकू नका.

आयकराचा हिशेब वेगळा ठेवा. तिथले दर कायद्याने ठरलेले असतात, वरच्या सूत्रातून निघत नाहीत.