कीर्दीच्या फोटोवरून टॅलीत: आधी पानाची शिल्लक जुळवा

म्हापशात अकाउंटंटकडे काम धरलं की पहिल्याच महिन्यात मोबाइलवर कीर्दीच्या पानांचे फोटो येऊ लागतात. बार्देशातले बरेच जुने दुकानदार अजून हातानेच रोजकीर्द लिहितात, मराठीत आणि देवनागरी आकड्यांत. त्या पानांवरून तारीख, खात्याचं नाव आणि रक्कम एक्सेलमध्ये उतरवायची आणि ती फाइल टॅलीत घ्यायची, हे आपलं काम. टॅलीप्राइमच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेल फाइल थेट आत घेता येते, त्यामुळे खरी मेहनत आहे ती त्याआधीची.

कीर्दीत रोख खात्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, कारण सगळं पानच रोखीचं असतं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेच्या बाजूला ‘नाईक, थिवी ५,०००’ असेल तर पैसे गल्ल्यात आले: रोख डेबिट, नाईक क्रेडिट, व्हाउचर `Receipt`. नावे बाजूची हमाली म्हणजे `Payment`. आणि ‘बँकेत भरले’ हे मात्र `Contra`. जमेची पहिली ओळ आरंभीच्या शिलकेची असते. तिची नोंद करू नका, नाहीतर तीच रोख दुसऱ्यांदा जमा होईल.

आता एक पान घेऊ. आरंभीची शिल्लक ४,३५०. जमा: रोख विक्री १२,४८० आणि नाईक ५,०००. नावे: हमाली ९५०, माल खरेदी ७,६००, वीजबिल १,९२०, बँकेत ६,०००. आरंभीची शिल्लक धरून जमेची बेरीज २१,८३०, नाव्याची १६,४७०, म्हणजे शिल्लक ५,३६० यायला हवी. पानाच्या तळाशी मात्र ६,१६० लिहिलेत. फरक ८००.

घाईच्या अक्षरात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि त्यांच्यातला फरक ८ असतो. म्हणून फरक ८, ८० किंवा ८०० आला की त्या स्थानचे १ आणि ९ आधी तपासायचे. इथे नाव्याची बेरीज जास्त झालीय, म्हणजे शतकस्थानी १ असताना आपण ९ वाचला असणार. असे आकडे दोन आहेत: हमालीचे ९५० आणि विजेचे १,९२०. फोटो कितीही मोठा करून पाहिला तरी इथे निकाल लागत नाही, कारण हमाली १५० धरली काय किंवा वीजबिल १,१२० धरलं काय, शिल्लक दोन्ही वेळा जुळते. अशा वेळी दुकानातून वीजबिलाची पावती मागवायची. पावती १,९२० ची निघाली, तर हमाली १५०. अंदाजाने एक आकडा बदलून पुढे जाऊ नका. शिल्लक जुळलेली दिसेल, पण दोन खाती चुकलेली राहतील.

फरक ९ ने भागला जात असेल तर दोन शेजारचे अंक उलटे झालेत का बघा. आणि एका पानाची अखेरची शिल्लक पुढच्या पानाची आरंभीची नसेल, तर मधला फोटो आलेलाच नाही.

तारखेकडे वेगळं लक्ष हवं. पानावर बहुधा ‘५/१’ एवढंच असतं, वर्ष वहीच्या पुठ्ठ्यावर. वही २०२३-२४ ची असेल तर जानेवारी ते मार्च २०२४ चे. एक्सेलची मांडणी अमेरिकन असेल तर ५/१ निमूटपणे १ मे होतं. २५/१ मात्र तारीख न बनता मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटून राहतं. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की हेच झालंय. मी दिवस, महिना, वर्ष वेगळ्या रकान्यांत लिहिते आणि त्यावरून तारीख बनवते:

```
=DATE(C2,B2,A2)
```

इथे A मध्ये दिवस, B मध्ये महिना, C मध्ये वर्ष.

खात्यांची नावं टॅलीत आहेत तशीच लागतात. वहीत ‘नाईक’ आणि टॅलीत `Naik Tivim`, `Naik Colvale` असे दोघे असतील, तर कोणता ते दुकानदाराला विचारायचं; आपल्याकडे एका आडनावाची चार-पाच गिऱ्हाइकं सहज असतात. टॅलीतून खात्यांची यादी काढा, शेजारच्या रकान्यात वहीतलं नाव लिहा, आणि पुढे प्रत्येक नाव त्या यादीतूनच कॉपी करा. रक्कम ‘५,०००/-’ अशी नको, नुसती 5000.

प्रत्येक नोंदीच्या `Narration` मध्ये पान क्रमांक टाका. आधी बॅकअप घ्या, मग एकाच दिवसाच्या नोंदी आत घेऊन पाहा. तीच फाइल चुकून परत घेतली तर नोंदी दुप्पट होऊ शकतात, म्हणून आत गेलेल्या फाइलींचं नाव लगेच बदलून ठेवा. मग टॅलीतलं `Cash` खातं उघडून रोजची अखेरची शिल्लक वहीशी ताडून पाहा. ज्या तारखेला पहिल्यांदा फरक दिसेल, तिथेच थांबून ते पान काढा; त्यापुढचे फरक बहुतेक वेळा तोच एक फरक पुढे ओढलेला असतो.