नवऱ्याला न सांगता मालवण: अॅनिव्हर्सरीची तयारी

सरप्राईज ट्रिपमध्ये लपवायचं फक्त ठिकाण, तारीख नाही. सुट्टी त्याला स्वतःच टाकायची असते, त्यामुळे "हे तीन दिवस माझे" एवढं महिनाभर आधी सांगून टाका.

आता आमचंच बघा. नवरा मासेखाऊ, किल्ल्यांचा वेडा आणि गर्दी दिसली की वैतागणारा, म्हणून मालवण ठरवलं. अॅनिव्हर्सरी डिसेंबरात, मग सगळ्यात आधी कॅलेंडर उघडलं कारण डिसेंबरात बहुतेक वेळा मार्गशीर्ष असतो, आणि घरात गुरुवार पाळत असाल किंवा तो सोमवारी, संकष्टीला नॉनव्हेज खात नसेल तर सुरमईची थाळी नुसती बघत बसायची वेळ येते. वीकेंडही टाळा, तारकर्लीला स्कूबावाल्यांची झुंबड असते. पावसाळ्यात अॅनिव्हर्सरी असेल तर मालवणचा हट्टच सोडा, समुद्र खवळलेला असतो आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात.

ट्रेन कोकणकन्या, रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कुडाळ. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच करा. तिकीट मी मुद्दाम मडगावपर्यंतचं काढलं, म्हणजे स्टेशनवरची अनाउन्समेंट, गाडीवरची पाटी, टीसीचं बोलणं सगळं गोव्याकडेच बोट दाखवतं, भाडं थोडं जास्त जातं पण अलीकडे उतरायला कोणी अडवत नाही. फक्त ज्याला खरंच गोवा हवाय त्याच्यावर हे करू नका हं, कुडाळला तोंड पडेल बिचाऱ्याचं. आमच्याकडे गोवा म्हणजे गर्दी, त्यामुळे उलट सुटल्यासारखंच वाटणार.

गुपित फुटतं ते मोबाईलवर. बुकिंगला स्वतःचा नंबर टाका, इमेल दोघांच्या टॅबवर उघडं असेल तर लॉगआऊट करा, पैसे जॉइंट अकाउंटमधून देऊ नका कारण मेसेज दोघांनाही येतो. होमस्टेच्या काकूंना फोनवरच सांगा की कॉल करू नका, मेसेज करा, आणि त्यांचा नंबर दुसऱ्याच नावाने सेव्ह करा. घरात एकाच माणसाला पत्ता द्या, शक्यतो सासूबाईंना, म्हणजे अडीअडचणीला कुणाला तरी माहीत असतं (मुलांना अजिबात नको).

बॅग त्याची त्यालाच भरू दे, फक्त "गरम होईल, दगडी पायऱ्या चढायच्यात, पाय भिजतील" एवढं सांगा, त्यात समुद्र येत नाही पण सँडल आणि टोपी येते. होडीत मळमळत असेल तर गोळी तुमच्या पर्समध्ये. कुडाळहून मालवण साधारण 30 किलोमीटर, रिक्षा किंवा गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि ड्रायव्हरला बजावा की नावाची पाटी धरून उभं राहू नको. कुडाळच्या आधी कणकवली आणि सिंधुदुर्ग स्टेशन लागतं, कणकवली गेली की त्याला उठवा, चहा द्या, बॅगा काढा, आणि तेव्हाच सांगा.