उद्या ड्रायव्हिंग टेस्ट असलेल्या मैत्रिणीला मेसेज करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती मी स्वतः केली आहे: शुभेच्छांच्या मेसेजमध्ये सूचना घुसडणं.

माझ्या एका मैत्रिणीची ड्रायव्हिंग टेस्ट होती. आदल्या रात्री पावणेअकराला मी तिला लांबलचक मेसेज टाकला. ऑल द बेस्ट, आणि त्याखाली, "चढावर गाडी उचलताना हँडब्रेक ओढूनच ठेव, क्लच अर्धा सोड, बॉनेट किंचित वर आल्यासारखं वाटलं की मगच हँडब्रेक खाली." सल्ला चुकीचा नव्हता, मी स्वतः तशीच गाडी उचलते. पण तिच्या शिक्षकांनी तिला पायाच्या ब्रेकवर शिकवलं होतं: ब्रेक दाबलेला ठेवायचा, हाफ क्लचवर गाडी थरथरली की पाय ॲक्सिलरेटरवर. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एका डोक्यात, एका रात्रीत, दोन्ही मावत नाहीत.

मेसेज वाचून ती उठून बसली आणि बारापर्यंत पलंगावर बसून हवेत पाय हलवत राहिली. टेस्टमध्ये चढावर तिने हँडब्रेक ओढला, पण सोडायचा राहिला, गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा घाईने आधीच सोडला, गाडी मागे घसरली. नापास. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला कळलं ते महिन्याभराने, तेही दुसऱ्याकडून.

तेव्हापासून माझा नियम असा, की आदल्या संध्याकाळी नवीन काहीही सांगायचं नाही. अगदीच राहवत नसेल तर जे सांगायचंय ते कागदावर लिहून फाडून टाका. हसू नका, मी करते. आणि ज्यांना स्वतःला लायसन्स मिळून जेमतेम दोन महिने झालेत त्यांनी तर हा मोह आवराच. सगळ्यात जास्त टिपा तेच देतात.

दुसरी चूक दिसायला प्रेमळ आहे. "तू पास होणारच! झालं की लगेच कळव!" यातलं पहिलं वाक्य भरवसा देतं असं आपल्याला वाटतं, पण वाचणारीला ते बिल वाटतं. नापास झाली तर आता तुमचा शब्दही खोटा पडणार. आणि दुसऱ्या वाक्याने तिच्यावर एक काम टाकलं: वाईट बातमी स्वतःच्या हाताने टाईप करायची. बातमी चांगली असेल तर ती न सांगता सांगेलच हो!

किरकोळ चुका: "टेन्शन घेऊ नकोस" लिहू नका, तोवर घेतलं नसेल तर ते वाचून घेईल. ग्रुपवर टाकू नका, चाळीस जणांच्या फुलांना उत्तरं देत बसेल. फॉरवर्ड केलेली सूर्योदयाची चित्रं तर नकोतच.

मग लिहायचं काय? त्याच मैत्रिणीच्या दुसऱ्या टेस्टच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमारास, मी एवढंच पाठवलं:

"मंगळवारी चढावर तीनदा थांबवलीस आणि तिन्ही वेळा गाडी बंद न पडता उचललीस, मी शेजारीच होते. उद्या साडेसातला खाली येते, सोडते तुला. उत्तर देऊ नकोस, जेवून झोप."

पहिल्या वाक्यात अंदाज नाही, घडून गेलेली गोष्ट आहे. "तू छान चालवतेस" यावर मन वाद घालतं, पण मंगळवार होऊन गेलाय, त्यावर काय वाद घालणार? दुसऱ्या वाक्याने सकाळची एक काळजी कमी झाली. (येणार नसाल तर लिहू नका. सोडायला येते म्हणून झोपून राहिलेले महाभाग मी पाहिलेत.) तिसऱ्याने उत्तराची जबाबदारी काढून घेतली. आणि वेळ सातची, कारण पावणेअकराला फोन वाजला की पडलेला माणूस उठतो.

इंटरव्ह्यू असेल तर साचा तोच, फक्त आठवण बदलते. एका मित्राला मी लिहिलं होतं, "परवा तू तुझं काम समजावलंस ते मला कळलं, आणि मला त्यातलं ओ की ठो येत नाही." असं काही आठवतच नसेल, तर त्याच्याबरोबर तुम्ही कधी बसलाच नाहीत. मग खोटं कौतुक रचू नका. "उद्या आठवण आहे" एवढं पुरे.

लोक तयार मजकूर मागतात, कॉपी करून पाठवायला. माझ्याकडे नाही. मंगळवारी त्या गाडीत मी बसले होते म्हणून मला ते वाक्य सुचलं.

हो, त्या मेसेजला तिचं उत्तर आलंच नाही. साडेसातला ती खाली उभी होती, हातात कागदांची पिशवी, आणि म्हणाली, "तू मागे बस हं, पुढे बसलीस की शिकवायला लागतेस."