डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचं टाइमटेबल करताना आम्ही केलेल्या या चुका टाळा

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, भाचा नववीत आहे. डिस्लेक्सिया आहे हे सातवीत कळलं, त्याआधी घरात सगळ्यांचं एकच, पोरगं हुशार आहे पण आळशी. कळल्यावर मग मी, म्हणजे त्याची आत्या, कंबर कसून टाइमटेबल करायला बसले आणि पहिल्याच फटक्यात घोळ घातला.

घोळ असा की वाचायला जादा वेळ लागतो म्हणाले ना, मग मी सरळ अभ्यासाचे तास वाढवले. बहीण त्याची दोन तास बसायची, ह्याला साडेतीन. आठवड्यात पोरगं पुस्तक बघितलं की पाणी प्यायला उठायला लागलं, दहा मिनिटात तीनदा. मग एक दिवस गुपचूप मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसले. विज्ञानाचा पहिला धडा, गतीचे नियम. पहिलं पान सहा मिनिटं, दुसरं सात, तिसऱ्याला अकरा मिनिटं लागली आणि त्यातही एक ओळ गाळली, 'विस्थापन'चं नुसतं 'स्थापन' वाचलं. तिथं ट्यूब पेटली. ह्या पोरांची सगळी ताकद छापलेल्या अक्षराचा आवाज करण्यात जाते, त्यात आपल्याकडं जोडाक्षरं, वेलांट्या, ध आणि घ, भ आणि म, त्यामुळं अर्थ लावायला डोक्यात जागाच उरत नाही आणि तिसऱ्या पानानंतर तर तो नुसती अक्षरं ढकलत असतो.

म्हणून आता एका बैठकीला दोनच पानं, साधारण पंधरा मिनिटं, अशा दिवसात दोन बैठका, एक शाळेतून आल्यावर खाऊन झालं की आणि एक जेवणाआधी, आणि मधे वाचनाचं दुसरं काहीही नाही, गणितं किंवा आकृती चालते. तो धडा असा तुकड्यातुकड्यात पूर्ण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद आणि फक्त तोंडी विचारायचं. तुमच्या पोराची दोन पानं होतील नाहीतर एकच होईल, ते घड्याळ लावून बघा, शेजारच्या पोरावरून ठरवू नका.

दुसरी चूक ऑडिओची, आणि ही जवळपास सगळ्या घरात होते बघा. आम्ही अख्खा धडा लावून दिला, पोरगं इअरफोन घालून कॉटवर आडवं, आजी खूश, "कसं कान देऊन ऐकतंय बघा की." दुसऱ्या दिवशी विचारलं तर सुरुवातीचं एक उदाहरण सोडून काही आठवेना. ऐकणं सोपं वाटतं म्हणून समजल्यासारखं वाटतं, पण आवाज पुढं जातो आणि डोकं मागं राहतं. आता नियम असा की पुस्तक समोर उघडं, ओळीखाली पट्टी, स्पीड थोडा कमी करून 0.8, आणि एक परिच्छेद झाला की पॉज करून त्यानं स्वतःच्या शब्दात एक वाक्य सांगायचं. वाक्य आलं नाही तर तोच परिच्छेद परत, पुढं जायचंच नाही. डोळा आणि कान एकत्र चालले की शब्दाचा चेहरा पण ओळखीचा होत जातो, नुसत्या ऐकण्यानं वाचन सुधारत नाही. (उसाच्या सीझनला ट्रॅक्टर डेक लावून जातात तेव्हा मात्र इअरफोनशिवाय इलाज नाही.)

ऑडिओ कुठून आणायचा? बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ मिळते आणि अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवायची सोय असते, मराठी आवाज सेटिंगमधून निवडावा लागतो. पण फोन भलतंसलतं वाचायला लागला तर फोनला शिव्या देऊ नका, आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपला पेस्ट करा. तिथं पण अगम्य चिन्हं आली तर ती फाईल जुन्या फॉन्टमधली आहे, फोनला ती मराठी म्हणून कळतच नाही. तेव्हा पानाचा फोटो काढून गूगल लेन्सनं मजकूर उचला, नाहीतर सरळ स्वतः वाचून रेकॉर्ड करा. सूत्रं तर मी स्वतःच रेकॉर्ड करते, कारण v = u + at मधला at फोन चक्क इंग्लिश 'ॲट' म्हणून वाचतो आणि पोरगं तेच पाठ करतं. मी "व्ही बरोबर यू अधिक ए गुणिले टी" असं सावकाश म्हणते आणि तो ऐकता ऐकता लिहितो.

तिसरी चूक लिखाणाची. शाळेतल्या मॅडमनी चांगुलपणानं सांगितलं, दहापैकी पाचच प्रश्न लिही. आम्ही वरचे पाच धरले, आणि स्वाध्यायात अवघड प्रश्न खालीच असतात, त्यामुळं उदाहरणं आणि कारणं कायमची राहून गेली. कमी करायचं ते लिहिणं, विचार नाही. आता दहाच्या दहा तोंडी आणि त्यातले तीन वहीत, एक कारण, एक फरक, एक गणित. प्रश्न उतरवायचा नाही, फक्त नंबर टाकायचा, निम्मा दम तर प्रश्न उतरवण्यातच जायचा. अंतर आणि विस्थापन यातला फरक त्याला असा विचारला, घरनं गणपतीच्या देवळात गेलास, समजा तीन किलोमीटर, आणि परत घरी आलास, तर? लगेच म्हणाला, आत्या, अंतर सहा आणि विस्थापन शून्य, निघालो तिथंच आलो की. वहीत पण एवढंच लिहिलं. 'विस्तापन' लिहिलं होतं, मी तिथं लाल पेन लावला नाही, शब्द वेगळ्या चिठ्ठीवर घेतला, शुद्धलेखन दुसऱ्या वेळेला.

उत्तर येत नसेल तर नेमकं कुठं अडलंय हे ओळखायची एक ट्रिक आहे. तोच प्रश्न एकदा त्याला वाचायला द्या आणि एकदा आपण वाचून दाखवा. आपण वाचल्यावर आला तर अडचण वाचनाची, धडा परत शिकवू नका. तोंडी येतंय पण वहीत येत नाही तर अडचण लिखाणाची, मग आधी तीन मुद्दे बोलून घ्या आणि मग लिहायला द्या. तोंडी पण येत नाही तर मात्र धडा समजलेलाच नाही, ऑडिओ कॉटवर पडून ऐकला असणार.

आता परीक्षेतला जादा वेळ. तासाला वीस मिनिटं धरली तर दोन तासांच्या पेपरला चाळीस. आम्ही घरी कधी सराव केला नाही, चाचणीत भाऊसाहेबांनी दोन तासात पेपर ढकलला आणि उरलेली चाळीस मिनिटं बरोबर उत्तरं खोडत बसले. आता घरी जुना पेपर पूर्ण 160 मिनिटं लावूनच सोडवतो. पहिली दहा मिनिटं पेन खाली, पेपर वाचायचा आणि 'कारण द्या', 'फरक स्पष्ट करा' असल्या शब्दांखाली रेघ. मधली वीस मिनिटं प्रत्येक प्रश्न दुसऱ्यांदा वाचण्यात आपोआप जातात. शेवटची दहा तपासायला, तेही फक्त प्रश्नांचे नंबर, एकक आणि राहिलेले प्रश्न, उत्तर बदलायचं नाही. तिसऱ्या पेपरला त्यानं स्वतःच घड्याळ मागितलं, आणि दोन प्रश्न राहिलेले सापडले ते शेवटच्या दहा मिनिटातच.

दहावीच्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडं जातो आणि त्याला डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र लागतं, साधी खाजगी रिपोर्टची झेरॉक्स चालेल असं धरून बसू नका. आम्ही ते काम नववीच्या दिवाळीच्या सुट्टीतच काढलं, कारण हॉस्पिटलच्या फेऱ्या एकात होत नाहीत.