कार्यक्रमाहून आल्यावर तेच बोलणं डोक्यात फिरत राहतं, ते थांबवायचं कसं

घरी येऊन आडवं झालं की सुरू होतं. मी ते कशाला बोलले, तिने तसं का बघितलं, सगळ्यांना काय वाटलं असेल. दोन-चार सेकंदांचा तोच तुकडा परत पहिल्यापासून, आणि दर वेळी स्वतःला नवीन शिवी. माझं हे खूप वर्षं चाललं, म्हणून मला जे खरंच उपयोगी पडलं ते क्रमाने लिहिते.

माझंच उदाहरण घेऊ. ऑफिसमधल्या एकाचा निरोप समारंभ होता, तिथे एक जुनी कलीग बऱ्याच दिवसांनी भेटली आणि मी तिला विचारलं, "अजून तिथेच आहेस का?" ती "हो" म्हणाली, जरा थांबली आणि दुसरीकडे वळली. बस, एवढंच झालं. पण रात्री अडीच वाजेपर्यंत मी त्या "अजून"वर अडकून होते, की तिला वाटलं असेल मी तिला मागे राहिलेली समजते.

आधी हे ओळखा की तुम्ही आठवत नाही आहात. डोळे मिटून तो प्रसंग आणा आणि बघा, त्या चित्रात तुम्हाला तुमचा स्वतःचा चेहरा दिसतोय का? लालबुंद, गोंधळलेला, वेड्यासारखा हसणारा? आता विचार करा, तुम्ही तो चेहरा तेव्हा पाहिलाच नव्हता, तुमचे डोळे तर समोरच्यावर होते, मग हे चित्र आलं कुठून? क्लार्क आणि वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सोशल एन्झायटीचं, म्हणजे लोकांत वावरताना वाटणाऱ्या तीव्र भीतीचं, जे मॉडेल मांडलं त्यात हे छान उलगडलंय. लोकांत असताना आपण घाबरलेलो असलो की लक्ष आत वळतं, आवाज थरथरतोय का, हात कुठे ठेवू, आता काय बोलू, आणि त्यामुळे समोरचे लोक प्रत्यक्षात कसे वागले याची नोंद फारच थोडी होते. मग रात्री मेंदू त्या रिकाम्या जागा भरतो, आणि भरतो त्या तेव्हाच्या भीतीने. मला लाज वाटली म्हणजे मी लाजिरवाणी दिसलेच असणार, असा हिशोब. याला पोस्ट-इव्हेंट प्रोसेसिंग म्हणतात. म्हणून शंभर वेळा तोच तुकडा बघितला तरी नवीन काही सापडत नाही, फक्त तो जास्त खरा वाटायला लागतो. मला हे कळलं तेव्हा निम्मी सुटका तिथेच झाली, कारण तोवर मी याला आत्मपरीक्षण समजत होते.

रात्री विचार दाबू नका, त्याला उद्याची वेळ द्या. "आता हा विचार करायचाच नाही" असं ठरवून चालत नाही. 1987 मध्ये वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने एका प्रयोगात लोकांना सांगितलं होतं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, तर ते अस्वल येतच राहिलं आणि मनाई उठल्यावर तर उसळून आलं. त्यापेक्षा उशाशी एक कागद ठेवा आणि एकच ओळ लिहा, मी लिहिलं होतं: "अजून तिथेच आहेस का. उद्या संध्याकाळी 6, 15 मिनिटं." एकच ओळ हं, पान भरायला लागलात तर ते पेनाने केलेलं रवंथच. विचार परत येणार, हे गृहीत धरा. आला की वाद घालायचा नाही, समजूत काढायची नाही, "सहाला" एवढंच म्हणून लक्ष श्वासावर नाहीतर पंख्याच्या आवाजावर. पहिल्या रात्री हे चाळीस वेळा करावं लागेल आणि ते फसलं असं नाही, तसंच होतं ते. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात, फोन न घेता.

कुणालाही मेसेज करू नका. रात्री दीडला "सॉरी हं, मगाशी मी जरा विचित्र बोलले का?" हा मेसेज पाठवायची जी ओढ असते ती मला चांगली माहितीये. "अगं नाही गं" असं उत्तर येतं, तासभर बरं वाटतं, मग "ती नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली असेल" हे सुरू होतं, कारण दुसऱ्याने दिलेला दिलासा पुरत नाही, परत मागावा लागतो. मैत्रिणीला "मी कशी वाटले?" विचारणं हेही तेच. माफी मागायचीच असेल तर ती दुसऱ्या दिवशीही मागता येते, मागायची की नाही ते उद्या कागद घेऊन बसल्यावर ठरवू.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासारखं लिहा. आता सहाची वेळ. फक्त ऐकलेले शब्द आणि दिसलेल्या गोष्टी लिहायच्या, "ती दुखावली" असं लिहायचं नाही कारण कॅमेऱ्याला ते दिसत नाही, "ती दोन सेकंद थांबली" हे चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो तुकडाच नाही, तिथे पोचल्यापासून निघेपर्यंत सगळं लिहा. माझ्या कागदावर काय उतरलं तर: मी विचारलं, ती हो म्हणाली, थांबली, मागून कुणीतरी तिला हाक मारली, ती वळली. नंतर निघताना आम्ही दाराशी उभ्या होतो आणि ती तिच्या नव्या टीमबद्दल बरंच बोलली. ती हाक आणि ते दाराशी बोलणं, दोन्ही रात्रीच्या त्या रिळात नव्हतंच! म्हणजे तिला "अजून" बोचलं नसेल असं सिद्ध झालं का, तर नाही, कदाचित बोचलंही असेल. पण रात्री मला जी खात्री होती ती उरली नाही.

मग प्रश्न बदला. "मी अशी का आहे" याला उत्तरच नसतं, त्यावर रात्र जाऊ शकते. त्याऐवजी "नेमकं काय झालं, आणि आता करण्यासारखं काही आहे का". असेल तर एका वाक्यात ठरवा. कुणाचं गुपित फोडलंत, कुणाला सगळ्यांसमोर टाकून बोललात, तर साधी सरळ माफी मागा, एकदाच, स्वतःला दूषणं न देता. माझ्या बाबतीत ठरलं की पुढच्या वेळी "सध्या कुठे आहेस" असं विचारायचं. पंधरा मिनिटं झाली की कागद बंद, अपुरं वाटलं तरी, कारण पुरं झालं असं या मनाला कधी वाटतच नाही.

पुढच्या वेळी तिथे असतानाच लक्ष बाहेर ठेवा, म्हणजे रात्री भरायला रिकाम्या जागा कमी उरतील. आपण कसे दिसतोय हा विचार आला की समोरच्याचं शेवटचं वाक्य काय होतं ते धरायचं आणि त्यावरच पुढे विचारायचं. 2018 मध्ये एरिका बूथबी या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच भेटून गप्पा मारलेल्या लोकांना नंतर वेगवेगळं विचारलं, तर आपण समोरच्याला जितके आवडलो असं लोकांना वाटत होतं त्यापेक्षा ते जास्त आवडले होते.

हे तीन-चार कार्यक्रमांनंतर जमायला लागतं, विचार येतात पण तासांऐवजी मिनिटांत उतरतात. तसं होत नसेल, आणि आता या रात्रीच्या भीतीनेच तुम्ही आमंत्रणं टाळायला लागला असाल, मीटिंगमध्ये तोंड उघडत नसाल, असं सहाएक महिने चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, सोशल एन्झायटीवर सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, चांगली चालते. जाताना ते कागद बरोबर न्या, "मला खूप विचार येतात" एवढं सांगण्यापेक्षा त्यावरून त्यांना नेमकं कळेल की तुम्ही कुठे अडकता.